किती जण आले तर होणार, हे पैसे घेण्याआधी सांगा

काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या गटाने पुण्यात नैसर्गिक रंगांनी कापड रंगवण्याची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. गटाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे ती रद्द झाल्याचे कळवण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. कार्यशाळा शनिवारी सकाळी सुरू व्हायची होती आणि मी फोन करत होतो गुरुवारी दुपारी. नऊ जणांनी पैसे भरले होते. आठ जणांनी थोडी नाराजी दाखवून पैसे केव्हा परत मिळतील एवढेच विचारले. नववा फोन चिपळूणच्या एका शिक्षिकेला होता. त्यांनी शुक्रवारची रजा मंजूर करून घेतली होती, गाडीचे आरक्षण केले होते आणि बहिणीकडे राहण्याचे ठरवले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, “दादा, पैसे मिळतील हो, त्याची काळजी नाही. पण लोक कमी आहेत हे तुम्हाला कधी कळलं?”

खरे उत्तर असे होते की, ते आम्हाला दहा दिवस आधीच कळले होते. त्या दहा दिवसांत आम्ही रोज संध्याकाळी आकडा पाहत होतो, ‘आपल्याकडे लोक शेवटच्या दोन दिवसांतच जागे होतात’ असे एकमेकांना समजावत होतो आणि नोंदणी केलेल्यांना मात्र ‘भेटूया शनिवारी!’ असे उत्साही संदेश पाठवत होतो. किती जण आले तर कार्यशाळा करायची, याचा आकडा आमच्या मनातही नक्की नव्हता, मग तो जाहिरातीत कुठून येणार? जाहिरातीत सवयीचे एकच वाक्य होते : ‘कार्यक्रमात बदल करण्याचे सर्व अधिकार आयोजकांकडे राखीव.’

शुल्क घेऊन होणारी प्रत्येक कार्यशाळा किती नोंदणी झाली तर होणार आणि ते कोणत्या दिवशी ठरणार, या दोन गोष्टी पैसे भरण्याआधी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असल्याच पाहिजेत, असे माझे मत त्या फोनपासून झाले आहे. यातली तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना काकणभर जास्तच, आणि त्याकडे मी पुढे येतो. पण आकडा जाहीर करण्याआधी तो काढता आला पाहिजे, आणि बहुतेक आयोजक नेमके तिथेच चुकतात, म्हणून आधी आकड्याविषयी.

सर्वसाधारण समज असा की, सगळा खर्च निघेल एवढी माणसे म्हणजे किमान संख्या. आमच्याच कार्यशाळेचा हिशेब समोर ठेवतो; आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत. शुल्क माणशी ३,५०० रुपये. माणसे कितीही आली तरी होणारा खर्च असा : सभागृहाचे दोन दिवसांचे भाडे १२,०००, कच्छहून येणाऱ्या रंगारी कारागिराचे मानधन १८,०००, त्यांचा प्रवास आणि राहणे ६,०००, मदतनिसाचे ३,००० आणि प्रसिद्धीचे २,०००. एकूण ४१,०००. याखेरीज प्रत्येक माणसामागे वाढणारा खर्च वेगळा. कापड ५०० रुपयांचे, नीळ, मंजिष्ठा, हिरडा, तुरटी वगैरे मिळून ३००, दोन दिवसांचे जेवण-चहा ५००. ऑनलाइन शुल्क घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ८३ रुपये जातात. किरकोळ धरून हा खर्च माणशी १,४०० होतो. म्हणजे एका माणसाच्या शुल्कातून ठरावीक खर्चाकडे २,१०० रुपये उरतात आणि ४१,००० भरून काढायला वीस माणसे लागतात. भांडी आणि जागा पाहता आमची कमाल क्षमता चोवीस होती. चोवीस जागांपैकी वीस भरल्याशिवाय खर्च निघत नसेल, तर शुल्कच चुकले आहे, आणि ते आधी दुरुस्त करायला हवे होते, हे खरे. तूर्तास ते बाजूला ठेवू.

मग किमान संख्या वीस धरायची का? नाही. प्रश्न ‘एकूण खर्च निघतो का’ हा नाही. निर्णयाच्या दिवशी रद्द केले तर किती तोटा आणि पार पाडले तर किती तोटा, हा आहे. समजा, कार्यशाळेच्या दहा दिवस आधी निर्णय घेतला. तोवर प्रसिद्धीचे २,००० गेलेले असतात. सभागृहवाले अनामत परत देताना ३,००० कापून घेतात. कारागिराने आपल्यासाठी दोन दिवस राखून ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या तिकिटाची कपात धरून आपण त्यांना ३,००० देणे लागतो. म्हणजे रद्द केले तरी ८,००० जाणार. शिवाय सहभागींना पूर्ण पैसे परत करताना बहुतेक गेटवे आपले कापलेले शुल्क परत देत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नोंदणीमागे ८३ रुपये आपल्याच खिशातून जातात.

आता पंधरा नोंदण्या आहेत असे धरा. रद्द केले तर तोटा ८,००० अधिक १,२४५, म्हणजे ९,२४५. पार पाडले तर पंधरा माणसांमागे ३१,५०० उरतात आणि तोटा ९,५०० होतो. फरक केवळ २५५ रुपयांचा. सोळा असतील तर पार पाडण्याचा तोटा ७,४०० आणि रद्द करण्याचा ९,३२८, म्हणजे पार पाडणे सरळच स्वस्त. चौदा असतील तर पार पाडण्याचा तोटा ११,६०० आणि रद्द करण्याचा ९,१६२. अडीचशे रुपयांसाठी पंधरा जणांना घरी बसवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून आमचा खरा आकडा होता पंधरा. वीस हा आकडा पुढच्या वेळचे शुल्क ठरवताना उपयोगी. या वेळी होणार की नाही, हे ठरवताना तो फसवा आहे. जो आयोजक वीसवर अडून बसतो, तो सोळा-सतरा जणांची कार्यशाळा रद्द करून स्वतःचाही तोटा वाढवून घेतो.

निर्णयाची तारीख पुढे ढकलली की हा आकडा बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. कार्यशाळेच्या दोन दिवस आधी सभागृहाचे पूर्ण भाडे बुडीत असते, कारागिराचे मानधन जवळपास पूर्ण द्यावे लागते आणि कापडही तयार झालेले असते. एवढा खर्च होऊन गेल्यावर आठ-नऊ माणसे आली तरी कार्यशाळा करणे हेच कमी तोट्याचे ठरते. त्या गुरुवारी आम्ही नऊ जणांची कार्यशाळा रद्द केली, ती पैशांच्या हिशेबानेही चूकच होती, हे मला पुढे महिनाभराने वही उघडली तेव्हा उमगले. आम्ही हिशेब करून नव्हे, घाबरून रद्द केली होती.

तारखेचे गणित त्या त्या विषयाच्या तयारीतून येते. आमच्या बाबतीत पहिली हालचाल दोन-तीन आठवडे आधी होते. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात मुरत घालावे लागते आणि ते तयार व्हायला तेवढा काळ जातो. पण त्याचा खर्च नगण्य, लोखंड भंगारातले आणि गूळ किलोभर, त्यामुळे कार्यशाळा रद्द झाली तरी काही बिघडत नाही. ते पाणी पुढे वापरता येते. खरा खर्च सुरू होतो तो कापडापासून. कोरे सुती कापड सोडा घालून उकळायचे, त्यातली खळ आणि तेलकटपणा काढायचा, वाळवायचे, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळट करून पुन्हा उन्हात वाळवायचे. नाहीतर मंजिष्ठेचा लाल त्यावर धरत नाही. माणशी तीन तुकडे धरले तर या कामाला पाच-सहा दिवस लागतात. निळीची पिंपे आदल्या दिवशी लावायची असतात : नीळ, चुना आणि फळांतली साखर कोमट पाण्यात ढवळून ठेवली की, काही तासांनी वर तांबूस-जांभळी साय येते, खालचे पाणी पिवळट हिरवे दिसते आणि तेव्हा ती तयार झाली असे समजायचे. म्हणून आमचा निर्णय कापड भिजत घालायच्या आधी, म्हणजे किमान आठ-दहा दिवस आधी व्हायला हवा. नाटकाच्या किंवा लेखनाच्या कार्यशाळेला असे काही भिजत घालायचे नसते. तिथे तीन-चार दिवस आधीची तारीखही चालू शकेल, पण तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्याच्या तिकिटाचा विचार करावा लागेल. रेल्वेचे आरक्षण जितके उशिरा रद्द करावे तितकी कपात जास्त. आयोजकाने आपली सोय पाहून निर्णयाची तारीख जितकी उशिराची ठेवावी तितका त्याचा भार चिपळूणच्या बाईंच्या खिशावर पडतो, आणि तो भार कोणत्याही परताव्यात भरून निघत नाही.

किमान संख्येचे कारण सांगताना आयोजक एक पळवाट नेहमी काढतात. ‘पुरेशी माणसे नसतील तर शिकण्याचे वातावरण तयार होत नाही’, असे गोड शब्दांत सांगितले जाते. समूहगानाच्या किंवा नाट्यखेळांच्या कार्यशाळेत हे शंभर टक्के खरे आहे. चार जणांत जोड्या पाडायच्या तरी किती वेळा? पण निळीच्या पिंपाभोवती चार माणसे असतील तर ती वीस जणांपेक्षा चांगलीच शिकतील. प्रत्येकाला दहा वेळा कापड बुडवता येईल आणि हिरवे कापड हवेत येऊन निळे होताना नीट पाहता येईल. तिथे अडचण शिकवण्याची नाही, पैशांची आहे, आणि पैशांची अडचण पैशांची म्हणून सांगण्यात कमीपणा नाही. खरे कारण सांगितले तर एक फायदाही होतो : ‘पंधराच्या खाली कार्यशाळा करणे आम्हाला परवडत नाही’ हे वाचणारा माणूस आपल्या दोन मैत्रिणींना ओढून आणतो. ‘वातावरण’ वाचून कोणी कोणाला आणत नाही.

या मांडणीला कायद्याचाही भक्कम आधार आहे, आणि तो भारतात १८७२ पासून आहे. भारतीय करार कायद्याचे कलम ३१ एखादी अनिश्चित घटना घडली तरच पाळायच्या कराराची व्याख्या करते, आणि कलम ३५ सांगते की, अशी घटना ठरलेल्या मुदतीत घडली नाही तर तो करार रद्दबातल होतो. कलम ६५ प्रमाणे करार रद्दबातल झाला की, त्याखाली ज्याने जे घेतले ते त्याने परत करायचे. आता ‘अमुक तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत पंधरा सशुल्क नोंदण्या झाल्या तरच कार्यशाळा होईल’ हे वाक्य या तीन कलमांशेजारी ठेवून पाहा. घटना स्पष्ट आहे, मुदत स्पष्ट आहे आणि न घडल्यास काय करायचे तेही स्पष्ट आहे. याउलट ‘सर्व अधिकार राखीव’ या वाक्यात घटनाही नाही आणि मुदतही नाही. आहे ती फक्त आयोजकाची मर्जी. योग्य कारणावाचून एका पक्षाला एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित कराराच्या व्याख्येत घातली आहे. त्याच कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करण्याची सोय दिली आहे. म्हणजे पुण्याच्या आयोजकाला रत्नागिरीला खेटे घालावे लागू शकतात. हे वाक्य वर्षानुवर्षे डोळे झाकून छापणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे.

युरोपीय संघाने तर सहलींच्या बाबतीत हे सगळे आकड्यांत बांधून टाकले आहे. तिथल्या २०१५ च्या निर्देशानुसार संयोजकाने सहल विकण्याआधी किमान प्रवासी संख्या आणि रद्द करण्याची मुदत सांगायची असते. सहल सहा दिवसांहून मोठी असेल तर संख्या भरली नाही हे किमान वीस दिवस आधी, दोन ते सहा दिवसांची असेल तर सात दिवस आधी आणि दोन दिवसांहून लहान असेल तर ४८ तास आधी कळवावे लागते, आणि सगळे पैसे चौदा दिवसांच्या आत परत करावे लागतात. हा नियम सहलींचा आहे, कार्यशाळांचा नाही, आणि आपल्याला तो लागूही नाही. पण त्यातली मूळ समजूत मला पटते : किमान संख्येची अट घालण्याचा हक्क विक्रेत्याला आहे, पण तो हक्क आधी सांगितला असेल आणि वेळेत वापरला असेल तरच.

आमच्याच गटात याला विरोध झाला, आणि तो टाकाऊ नव्हता. एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या, “बोलणी सुरू व्हायच्या आधीच मोडण्याची भाषा कशाला?” त्यांचे म्हणणे असे की, ‘पंधरा झाले तरच’ असे वाचले की माणूस थांबतो, बाकीच्यांना आधी भरू द्या, मग आपण भरू, असे प्रत्येकाने ठरवले तर पंधरा कधीच होत नाहीत. हे घडते, मी पाहिले आहे. पण त्याचे मूळ आकडा सांगण्यात नाही, पैसे अडकण्याच्या भीतीत आहे. पूर्ण ३,५०० भरायचे आणि ते कधी परत मिळतील हे ठाऊक नाही, अशा स्थितीत थांबणारा माणूस शहाणाच म्हणायचा. त्यावर उपाय असा की, निर्णयाच्या तारखेपर्यंत ५०० रुपयेच घ्यावेत आणि कार्यशाळा नक्की झाल्यावर तीन दिवसांत उरलेले घ्यावेत. किंवा पूर्ण घ्यायचे असतील तर ते त्या तारखेपर्यंत खर्चासाठी हात न लावता वेगळ्या खात्यात ठेवावेत. दुसरा मार्ग बोलायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. हौशी गटांमध्ये आलेल्या शुल्कातूनच सभागृहाची अनामत भरली जाते, हे उघड गुपित आहे, आणि परतावा रखडण्याचे कारणही बहुतेक वेळा तेच असते. ज्याला आठ-दहा हजारांची जोखीम स्वतःच्या पैशांतून उचलता येत नाही त्याने सभागृह ठरवण्याची घाई करू नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझे अनेक आयोजक मित्र माझ्याशी भांडतात तो मुद्दा. निर्णयाच्या तारखेपर्यंत आयोजक मोकळा असेल, तर सहभागीही मोकळा असला पाहिजे. आपण दहाव्या दिवसापर्यंत ‘जमलं तर करू’ म्हणणार आणि समोरच्याने मात्र नोंदणी केल्या क्षणापासून ‘शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ या अटीत अडकायचे, हा व्यवहार एका बाजूला कललेला आहे. त्या तारखेपर्यंत कोणी माघार घेतली तर गेटवेचे ८३ रुपये वजा करून बाकी सगळे परत द्यावे. तारीख उलटली आणि कार्यशाळा होणार असे जाहीर झाले की, मात्र दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. मग कोणी सहभागी गळला तर त्याचे पैसे आयोजकाने ठेवावेत, कारण कापड त्याच्या नावाने भिजले आहे. आणि दोघे गळून आकडा तेरावर आला तरी आयोजकाने कार्यशाळा करावीच, कारण ‘होणार’ हा शब्द त्याने दिलेला आहे. या समतोलामुळे नोंदण्या कमी होतील अशी भीती मित्रांना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. परत फिरण्याची वाट उघडी आहे हे दिसले की लोक लवकर आत येतात, आणि ज्या निर्णयाला लवकर आलेले आकडे लागतात, त्याला याहून चांगले काय हवे?

आकडा जाहीर केला की दुसरा मोह सुरू होतो, तो आकडा फुगवण्याचा. सात नोंदण्या असताना ‘फक्त शेवटच्या तीन जागा’ असे लिहिणारे आयोजक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी खोटी निकड दाखवणे हा फसवा प्रकार म्हणून नमूद आहे. पण कायदा सोडला तरी इथे ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे ठरते : ‘शेवटच्या तीन जागा’ असे सांगून झाल्यावर ‘संख्या कमी असल्याने रद्द’ असे कळवायचे कोणत्या तोंडाने? म्हणून काय मोजायचे हेही आधीच ठरवावे. मोजायची ती फक्त पूर्ण शुल्काची किंवा ठरलेल्या आगाऊ रकमेची नोंदणी. ‘मी नक्की येतोय, जागा धरून ठेवा’ हे मोजायचे नाही, सवलतीचे मोफत प्रवेश मोजायचे नाहीत, मदतनीस तर नाहीच नाही.

आणि हे लिहायचे कुठे? नोंदणीच्या फॉर्मच्या शेवटी, अटी आणि नियमांच्या बाराव्या ओळीत नव्हे. आजकाल कार्यशाळेची जाहिरात म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारे एक चित्र. फॉर्म उघडण्याआधी माणसाने तेच पाहिलेले असते आणि रजेचा अर्जही त्याच्याच भरवशावर गेलेला असतो. त्यामुळे शुल्काचा आकडा ज्या ओळीत आहे त्याच्या लगेच खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत ही माहिती हवी. आम्ही पुढे वापरलेला मजकूर असा होता : ‘ही कार्यशाळा किमान १५ सशुल्क नोंदण्या झाल्या तरच होईल. बुधवार दिनांक अमुक रोजी संध्याकाळी ६ वाजता निर्णय होईल व त्याच रात्री प्रत्येकाला कळवले जाईल. संख्या पूर्ण न झाल्यास कार्यशाळा रद्द होईल व पूर्ण शुल्क सात दिवसांत ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत केले जाईल. बाहेरगावच्या सहभागींनी प्रवासाचे पैसे शक्यतो या तारखेनंतर खर्च करावेत.’ यातले शेवटचे वाक्य मी हट्टाने घातले. ‘पुढच्या कार्यशाळेत जागा देऊ’ हा पर्याय ठेवायचा असेल तर तो सहभागीने मागितला तरच ठेवावा. परताव्याच्या जागी तो पुढे करणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरणे आहे.

मजकुरातल्या ‘रद्द होईल’ या शब्दांवरून आमची बैठक तासभर चालली. ‘रद्द करण्यात येऊ शकते’ असे लिहिले तर हात मोकळे राहतात, असे काहींचे म्हणणे होते. हात मोकळे राहतात हेच त्यात चुकीचे आहे. चौदा झाले तर मर्जीतल्या माणसांसाठी करायची आणि एरवी रद्द करायची, असे एकदा झाले की आकड्याला कोणी विचारत नाही. ‘चौदा जणांनी अडीचशे-अडीचशे जास्त भरले तर?’ असेही एकाने सुचवले. तेही मला मान्य झाले नाही, कारण पैसे भरून झालेल्या माणसाला ‘एवढे आणखी द्या, नाहीतर रद्द’ असे सांगणे विनंतीसारखे दिसले तरी विनंती नसते.

या नव्या मजकुराने केलेल्या पहिल्याच कार्यशाळेत निर्णयाच्या बुधवारी दुपारी चार वाजता आकडा चौदावर अडला. एका सदस्याने भाचीला फोन लावला आणि तिने पावणेसहाला पूर्ण ३,५०० भरले. ही लबाडी झाली का, यावर आमच्यात अजूनही दोन तट आहेत. माझ्या मते नाही : पैसे खरे होते, सहाच्या आत आले होते आणि ‘सशुल्क नोंदणी’ या शब्दांत नाते विचारलेले नव्हते. साडेसातपर्यंत सगळ्यांना ‘होणार’ असे कळवून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापड भिजत पडले. भाची दोन्ही दिवस आली, पहिल्या दिवशी हातमोजे घालायला विसरली आणि पुढचे तीन दिवस निळी नखे घेऊन ऑफिसात बसली. कार्यशाळेची तूट वहीत ९,५०० च्या आसपासच निघाली, आणि पुढच्या वेळचे शुल्क आम्ही ४,२०० केले.